एका वाक्याचं झाड: स्लाइडवरची वाक्यवृक्षाकृती मुळापासून काढून बघताना

वाक्यविन्यासाच्या तासाला पडद्यावर जी झाडं दिसतात ती आधीच वाढवून आणलेली असतात. वर S म्हणजे वाक्य, त्याखाली NP हा नामाचा गट आणि VP हा क्रियापदाचा गट, मग आणखी फांद्या, आणि तळाशी शब्द. विद्यार्थी ते चित्र वहीत उतरवून घेतो आणि त्याला वाटतं की समजलं. मग कुणी विचारतं, ‘ही फांदी इथेच का जोडली?’ आणि उत्तर येत नाही. याचं कारण साधं आहे. स्लाइडवरचं झाड वरून खाली वाचतात, पण ते बांधलं जातं खालून वर. आणि बांधताना प्रत्येक जोडणीमागे एक चाचणी असते, ती स्लाइडवर कुठेच लिहिलेली नसते.

म्हणून आपण एकच वाक्य घेऊ आणि त्याचं झाड तळापासून बांधू.

धाकट्या मुलीने खिडकीतून मोठा चेंडू फेकला.

सहा शब्द आहेत. कागद आडवा धरा आणि हे सहा शब्द पानाच्या अगदी तळाशी, मध्ये दोन बोटांची जागा सोडून लिहा. वर पान कोरं राहू द्या. बहुतेक जण S वर लिहून सुरुवात करतात आणि खाली येता येता जागा संपते. मग फांद्या वाकड्या होतात आणि शब्दांचा क्रमच बदलून जातो.

शब्दांना नावं देणं

प्रत्येक शब्दावर त्याच्या जातीचं अक्षर लिहायचं. धाकट्या आणि मोठा ही विशेषणं, म्हणून Adj. मुलीने आणि चेंडू ही नामं, म्हणून N. फेकला हे क्रियापद, V. ‘खिडकीतून’ हा शब्द मात्र दोन भागांचा आहे. ‘खिडकी’ हे नाम, आणि ‘तून’ हा त्याला चिकटलेला, मार्ग सांगणारा भाग. इंग्रजी उदाहरणाच्या स्लाइडवर हे काम नामाआधी येणारा वेगळा शब्द करतो आणि त्याला P म्हणतात. आपल्याकडे तो नामानंतर येतो आणि जोडून लिहितात, पण काम तेच. म्हणून खिडकीवर N, तूनवर P, आणि दोन्ही मिळून PP.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल, मग ‘मुलीने’ मधला ‘ने’ का नाही तोडला? प्रश्न रास्त आहे. काही अभ्यासक तोही तोडतात आणि त्याला वेगळी गाठ देतात. त्यांच्या बाजूने एक चांगला पुरावा आहे: ‘धाकटी मुलगी’ याला ने लागला की नुसतं नाम बदलत नाही, विशेषणही बदलतं, ‘धाकट्या मुलीने’ होतं. म्हणजे ने चिकटलेला दिसतो नामाला, पण त्याची सत्ता पूर्ण ‘धाकटी मुलगी’वर चालते. तरी पहिल्या झाडात मी तो नामालाच चिकटलेला ठेवतो. एका वेळी एकच गुंता सोडवावा.

कोणते शब्द एकत्र राहतात

आता खरं काम. शेजारी बसलेले शब्द खरोखर एकत्र आहेत की नुसते शेजारी आहेत, हे तपासायचं. पहिली चाचणी सर्वनामाची. ‘मोठा चेंडू’ काढून ‘तो’ ठेवा:

धाकट्या मुलीने खिडकीतून तो फेकला.

वाक्य नीट उभं राहिलं. आता फक्त ‘चेंडू’च्या जागी तो ठेवून बघा: ‘धाकट्या मुलीने खिडकीतून मोठा तो फेकला.’ कानाला लगेच खटकतं. म्हणजे ‘तो’ हे एकट्या नामाच्या जागी येत नाही, विशेषणासकट पूर्ण गटाच्या जागी येतं. सर्वनाम म्हणतो आपण, पण ते नामाऐवजी नव्हे, नामाच्या अख्ख्या गटाऐवजी येतं. हा गट म्हणजे NP, नामपदबंध. Adj आणि N यांच्यापासून दोन रेषा वर नेऊन जिथे मिळतात तिथे NP लिहा. तसंच ‘धाकट्या मुलीने’ याच्या जागी ‘तिने’ चालतं आणि ‘धाकट्या तिने’ चालत नाही. तिथेही NP. ‘खिडकीतून’च्या जागी ‘तिथून’ बसतं, तो PP.

दुसरी चाचणी हलवण्याची. मराठीत शब्दक्रम मोकळा आहे असं म्हणतात, पण मोकळं काय आहे ते बघा. मुलीने, खिडकीतून, चेंडू आणि फेकला हे चार तुकडे तुम्ही बऱ्याच क्रमांनी मांडू शकता. ‘मोठा चेंडू धाकट्या मुलीने खिडकीतून फेकला’, ‘खिडकीतून फेकला धाकट्या मुलीने मोठा चेंडू’, बोलताना दोन्ही ऐकू येतात. पण ‘मोठा धाकट्या मुलीने खिडकीतून चेंडू फेकला’ म्हणून बघा. मोठा कोण, हेच कळेना. म्हणजे मोकळे आहेत ते गट. गटाच्या आतले शब्द मोकळे नाहीत. आपण NP म्हणून ज्या गाठी मारल्या त्याच गाठी इथेही धरून राहिल्या. दोन वेगळ्या चाचण्या एकच उत्तर देतात तेव्हा फांदी पेनने पक्की करायला हरकत नाही.

VP खरंच आहे का?

इथपर्यंत कुणाचा वाद नसतो. वाद पुढच्या पायरीवर होतो. आपल्या हातात आता चार तुकडे आहेत: NP, PP, NP आणि V. सगळ्यांना सरळ S ला जोडून मोकळं का होऊ नये? एक गाठ आणि चार फांद्या, पंख्यासारखं चपटं झाड. शब्दक्रम मोकळा असलेल्या भाषांसाठी असंच झाड काढावं असं म्हणणारे अभ्यासक होऊन गेलेत, त्यामुळे हा नवशिक्याचा बावळटपणा नव्हे. पण मराठी वाक्याला विचारून बघू.

विचारा: धाकट्या मुलीने काय केलं? उत्तर: ‘खिडकीतून मोठा चेंडू फेकला.’ कर्ता गळाला आणि बाकीचं सगळं एक तुकडा म्हणून उत्तरात आलं. आता आणखी धारदार चाचणी:

धाकट्या मुलीने खिडकीतून मोठा चेंडू फेकला आणि थोरल्या मुलीनेही तेच केलं.

‘तेच केलं’ म्हणजे काय केलं? खिडकीतून मोठा चेंडू फेकला. कर्म, मार्ग आणि क्रियापद हे तिन्ही ‘तेच केलं’ने गिळले, कर्ता बाहेर राहिला. याच्या उलट करता येतं का? कर्ता आणि क्रियापद गिळून कर्म बाहेर ठेवणारं असं एखादं शब्दयुग्म? मला तरी मराठीत सापडलेलं नाही. म्हणजे कर्म क्रियापदाच्या जवळ आहे, कर्ता दूर आहे, आणि चपट्या झाडात हे जवळ-दूर दाखवायला जागाच नाही. म्हणून VP ही गाठ मारावी लागते.

कुणी म्हणेल, ‘चेंडूचं काय झालं?’ असं विचारलं तर ‘धाकट्या मुलीने फेकला’ असं उत्तर येतं, मग कर्ता आणि क्रियापद मिळूनही एक गट झाला ना? नाही. ते पूर्ण वाक्य आहे, त्यात चेंडू मनात धरलेला आहे. मराठीत कळण्यासारखं पद सर्रास गाळतात. खूण क्रियापदातच आहे: फेकला. तोंडाने न उच्चारलेल्या चेंडूचं पुल्लिंग तिथे अजून बसलेलं आहे. तीच जागा पिशवीची असती तर ‘धाकट्या मुलीने फेकली’ झालं असतं.

आता VP च्या आत बघू. हे वाक्य म्हणा:

धाकट्या मुलीने खिडकीतून मोठा चेंडू फेकला आणि थोरल्या मुलीने दारातून तेच केलं.

या वेळी ‘तेच केलं’ म्हणजे फक्त ‘मोठा चेंडू फेकला’. खिडकी त्यात नाही, कारण दार वेगळं सांगितलं आहे. पण मगाशी त्याच दोन शब्दांनी खिडकीही गिळली होती! याचा अर्थ एकच निघतो. ‘मोठा चेंडू फेकला’ हा एक VP आहे, आणि त्याला ‘खिडकीतून’ जोडून जो मोठा तुकडा होतो तोही VP आहे. VP च्या आत VP. स्लाइडवर एकाखाली एक दोनदा VP लिहिलेलं बघून छपाईची चूक वाटते, पण ती चूक नसते. ही दुसरी VP काढायला मी कधीच आळस करत नाही, कारण या झाडात सर्वांत जास्त माहिती त्या एका गाठीत आहे.

कागदावर असं करा: ‘मोठा चेंडू’चा NP आणि V यांच्या रेषा वर नेऊन मिळवा, तिथे VP. मग PP ची रेषा आणि या VP ची रेषा आणखी वर नेऊन मिळवा, तिथे दुसरा VP. शेवटी डावीकडचा NP आणि हा वरचा VP मिळतात तिथे S. झाड पूर्ण झालं. तेच कंसांत लिहिलं तर असं दिसतं:

```
[S
  [NP [Adj धाकट्या] [N मुलीने]]
  [VP
    [PP [NP [N खिडकी]] [P तून]]
    [VP
      [NP [Adj मोठा] [N चेंडू]]
      [V फेकला]]]]
```

हे कंसलेखन आणि चित्र यांत फरक काही नाही. प्रत्येक उघडणारा कंस म्हणजे एक गाठ आणि त्याच्या आतले कंस म्हणजे तिच्या फांद्या. झाडं काढून देणारी बरीच साधनं हेच लेखन मागतात. चित्र येत नसेल तर कंस मोजा. इथे उघडणारे चौदा आहेत, बंद होणारेही चौदाच हवेत. एक कमी पडला की साधन अडतं किंवा भलतंच झाड देतं.

आता स्लाइडकडे परत

हाताने एक झाड बांधलं की स्लाइडवरच्या शब्दांना धार येते. खालच्या VP आणि PP ला एकच वरची गाठ आहे, म्हणून त्या बहिणी. एखाद्या गाठीवर बोट ठेवून तिच्याखालचे सगळे शब्द उचला. जे हातात येतं तो एक घटक. ‘खिडकीतून मोठा चेंडू’ हे शब्द सलग आहेत, पण फक्त तेवढेच देणारी गाठ झाडात नाही, म्हणून तो घटक नाही. परीक्षेत हमखास विचारतात, आणि शेजार म्हणजे नातं नव्हे हे ज्याच्या ध्यानात आहे त्याला पाच सेकंदांत उत्तर सापडतं. काही स्लाइडवर NP खाली फांद्यांऐवजी त्रिकोण असतो. त्याचा अर्थ इतकाच की आतली रचना आत्ता महत्त्वाची नाही म्हणून झाकली आहे.

नावांचा घोळ मात्र वेगळा समजून घ्यावा लागतो, कारण स्लाइड कोणत्या काळातल्या मांडणीवर आहे त्यावर तो अवलंबून असतो. S म्हणजे NP आणि VP, हा नियम नोम चॉम्स्की यांच्या १९५७ सालच्या मांडणीतला. पुढे १९८७ साली स्टीव्हन अ‍ॅब्नी यांनी आपल्या प्रबंधात नामगटाचा प्रमुख नाम नसून निर्धारक, म्हणजे ‘हा’, ‘तो’ यांसारखा शब्द, आहे असं मांडलं, तेव्हापासून बऱ्याच स्लाइडवर NP च्या जागी DP दिसतं. S च्या जागी TP दिसतं, तिथे T म्हणजे काळाची गाठ. आपल्या वाक्यात ती दिसत नाही, पण ‘फेकला आहे’ म्हणा, म्हणजे दिसेल. ‘आहे’ ही T. पुन्हा तीच जुनी चाचणी: ‘तेच केलं आहे’. केलं आत गेलं, आहे बाहेर राहिलं. म्हणजे T ही VP च्या बाहेर, तिच्यावर बसलेली गाठ आहे.

आणि ‘आहे’ कुठे बसलं? उजवीकडे. क्रियापद कर्माच्या उजवीकडे, तून खिडकीच्या उजवीकडे, आहे क्रियापदगटाच्या उजवीकडे. इंग्रजी वाक्याच्या स्लाइडवर हे तिन्ही डावीकडे असतात. गाठी आणि नाती तीच, फक्त झाड आरशात धरल्यासारखं. कितीतरी वह्यांत मी इंग्रजी झाडाचा सांगाडा तसाच उतरवून त्याखाली मराठी शब्द कोंबलेले पाहिलेत. ओळखायचं कसं? झाडाच्या तळाचे शब्द डावीकडून उजवीकडे मोठ्याने वाचा. ‘फेकला मोठा चेंडू तून खिडकी’ असं ऐकू आलं तर सांगाडा उसना आहे.

कुठे चुकतं

सर्वांत खोल रुजलेली चूक कर्मणी प्रयोगातून येते. शाळेत शिकलो की क्रियापद ज्याच्याप्रमाणे बदलतं ते महत्त्वाचं. इथे फेकला हे चेंडूप्रमाणे बदलतं, मुलीप्रमाणे नाही. मग काही जण चेंडूचा NP उचलून थेट S खाली लावतात आणि मुलीला VP मध्ये ढकलतात. पण क्रियापदाचं लिंग कुणाशी जुळतं हा एक प्रश्न, आणि झाडात वर कोण बसतं हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर ‘तेच केलं’ने दिलं आहे: बाहेर राहिली ती मुलगी. खात्री हवी असेल तर काळ बदला. ‘धाकटी मुलगी खिडकीतून मोठा चेंडू फेकते.’ जुळणी फिरून मुलीकडे गेली, पण ‘थोरली मुलगीही तेच करते’ म्हटलं की गट जुनेच निघतात.

दुसरी चूक रेषा ओलांडण्याची. ‘मोठा चेंडू धाकट्या मुलीने खिडकीतून फेकला’ याचं झाड काढायला बसलं की चेंडूची रेषा VP पर्यंत नेताना मुलीची रेषा कापते. बहुतेक मांडण्यांत रेषा कापायला परवानगी नाही. स्लाइडवर अशा वेळी चेंडूच्या मूळ जागी t किंवा पुसट शब्द ठेवतात, चेंडू S च्या वर नेऊन लावतात आणि खालून वर एक बाण काढतात. तो बाण दिसला की समजायचं, पद कुठून उठून कुठे गेलं ते दाखवलंय. म्हणूनच सरावाला नेहमी साध्या क्रमाचं वाक्य घ्यावं.

एक अक्षर बदललं की फांदी बदलते

आता ‘खिडकीतून’ ऐवजी ‘खिडकीतला’ लिहा: धाकट्या मुलीने खिडकीतला मोठा चेंडू फेकला. चेंडू आधीच खिडकीत होता, तो कुठून बाहेर गेला ते सांगितलेलंच नाही. चाचणी लावा. ‘तो फेकला’ म्हटलं की खिडकीही त्या तो मध्ये गेली. म्हणजे हे पद आता VP ला नव्हे, चेंडूच्या NP ला लागलं आहे. पुरावा शब्दातच आहे. चेंडू काढून पिशवी ठेवा, खिडकीतला चं खिडकीतली होतं, नामाशी जुळतं. खिडकीतून मात्र ढिम्म राहतं, कारण त्याचं नामाशी काही देणंघेणं नाही.

इंग्रजीच्या प्रत्येक पुस्तकात दुर्बीण आणि माणूस यांचं एक द्व्यर्थी वाक्य असतं: दुर्बिणीतून पाहिलं, की दुर्बीण हातात असलेल्या माणसाला पाहिलं? शब्द तेच, झाडं दोन. आपल्या विद्यार्थ्याला त्यात मजा का वाटत नाही ते आता कळेल. मराठीत ते उतरवलं की दोन वेगळी वाक्यं होतात, कोणती फांदी कुठे लागली ते प्रत्ययच सांगून टाकतो.

मराठीत असं द्व्यर्थी झाड हवंच असेल तर प्रत्यय गप्प बसतील अशी जागा शोधावी लागते. आपल्याच वाक्यात ती आहे. कर्ता जरा लांबवा: ‘धाकट्या मुलीच्या बहिणीने मोठा चेंडू फेकला.’ धाकटी कोण, मुलगी की बहीण? पहिल्या झाडात धाकट्या आणि मुली आधी एकत्र येतात, मग त्यांना च्या आणि बहीण. दुसऱ्यात मुलीच्या आणि बहिणीने आधी एकत्र येतात, आणि धाकट्या त्या पूर्ण गटाला वरून लागतो. दुसरा अर्थ कानाला जरा लांबचा वाटतो, त्यासाठी आपण सहसा ‘मुलीच्या धाकट्या बहिणीने’ म्हणतो, पण तो अशक्य नाही. हा संदिग्धपणा आला तो ने मुळे: त्याने दोन्हीकडे सामान्यरूप करून ठेवलं, म्हणून धाकट्या कुणाशीही जुळतो. ने काढा, क्रियापद बदला. ‘धाकट्या मुलीची बहीण आली’ आणि ‘धाकटी मुलीची बहीण आली’. दोन्ही झाडं वेगळी होऊन समोर उभी राहतात.